मदत हवी आहे: फलकाच्या फोटोवरून सूचना, तारीख तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी. रक्तदान शिबिराच्या फलकाचा फोटो आलाय, त्यावरून सोसायटीच्या ग्रुपसाठी छोटी सूचना लिहितेय. फोटो तिरका आहे आणि तारखेवर ट्यूबलाइटची चकाकी, त्यामुळे ११ आहे की १९ ते कळत नाही. वार मात्र स्पष्ट दिसतो, रविवार. जानेवारी २०२६ मध्ये ११ ला रविवार येतो, १९ ला सोमवार, म्हणून ११ धरलीय. पण छापतानाच वार चुकला असेल तर? फलक वाचनालयाच्या फाटकावर आहे. तिकडून जाणाऱ्या कुणी समोरून वाचून सांगाल का?

मसुदा असा:

"रक्तदान शिबिर. रविवार, ११ जानेवारी २०२६, सकाळी ९ ते दुपारी १. स्थळ: नगर वाचनालय, जुनी इमारत, पहिला मजला. नाश्ता करून यावे."

फलकावर नावनोंदणीची ८ तारीखही आहे. ती मुद्दाम गाळली, कारण घाईत वाचणारे तीच शिबिराची तारीख समजतात. की शेवटी वेगळ्या ओळीत टाकू? "जुनी इमारत" मात्र काढणार नाही. नवी इमारत रस्त्यापलीकडे आहे, लोक तिकडेच जातील.

खात्री झाल्यावरच पाठवते, सोबत मूळ फोटोही जोडेन.