बोनसच्या गैरवापराचा ठपका आणि बंद झालेलं वॉलेट: अपिलात एकाच फोनचा उल्लेख करावा की गाळावा?

गंगापूररोड: वॉलेट अ‍ॅपने ‘बोनसचा गैरवापर, एकाहून जास्त खाती’ असं कारण देऊन माझं खातं बंद केलंय. आत २,३४० रुपये अडकलेत. त्यातले ६०० सहा मित्रांना रेफर केल्याचे, बाकीचे मी माझ्या बँकेतून भरलेले. आम्ही सगळे नाशिकला एकाच हॉस्टेलमध्ये राहतो, वाय-फाय एकच. फेरतपासणीसाठी सपोर्टला पत्र लिहायचंय. काय लिहू, सोबत काय जोडू?

द्राक्षबाग: वाय-फाय सामाईक आहे एवढंच ठासून लिहा. हॉस्टेल मालकाच्या सहीचं पत्र आणि इंटरनेटचं बिल जोडा. एका आयपी पत्त्यामागे दहा माणसं असू शकतात, हा मुद्दा त्यांना खोडता येणार नाही. शेवटी कायदेशीर कारवाईचा इशारा द्या, म्हणजे फाईल पटकन वर जाते.

सातपूरकर: आयपीचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर सगळं पत्र उभं करू नका. मोबाईल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीमागे असंख्य ग्राहक बसवतात, त्यामुळे नुसत्या आयपीवरून खातं बंद करणं त्यांनाही परवडत नाही. त्याच्या जोडीला सहसा दुसरं काहीतरी असतं: तोच फोन, तेच बँक खातं, किंवा बोनस पडला की लगेच रक्कम एकाच ठिकाणी वळवणं. इशाऱ्याने तर उलटंच होतं. फाईल कायदा विभागाकडे जाते आणि तपासणारा माणूस उत्तर द्यायचा थांबतो.

गंगापूररोड, एक सांगा. सहापैकी कुणाचं खातं तुमच्या फोनवरून उघडलं होतं का?

गंगापूररोड: हो, दोघांचं. एकाचा फोन दुरुस्तीला होता, दुसऱ्याच्या फोनमध्ये जागा नव्हती. सिम आणि बँक खाती त्यांचीच.

द्राक्षबाग: मग ते पत्रात अजिबात नको! स्वतःच्या हाताने कबुली कशाला लिहून द्यायची?

तपोवन: आमच्या घरी असंच झालं होतं. खातं गोठवलं, मग सायबर पोलिसांकडून ना हरकत पत्र आणावं लागलं. आधी पोलीस आयुक्तालयात चौकशी करा.

सातपूरकर: तपोवन, ते पोलिसांच्या सूचनेवरून बँकेने गोठवलेलं खातं. इथे कंपनीने स्वतःच्या अटींवर बोट ठेवून खातं बंद केलंय. यात पोलिसांचं काम नाही.

द्राक्षबाग, तुम्ही जे लपवायला सांगताय ते त्यांच्याकडे आधीच आहे. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला त्या फोनपुरता एक ओळख क्रमांक देतं. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं तरी तो सहसा तोच राहतो, फोन पूर्ण रीसेट केला तरच बदलतो. म्हणजे तीन खाती एका फोनवर उघडल्याचं तपासणाऱ्याच्या स्क्रीनवर दिसतंय, आणि पत्रात फक्त वाय-फायची कहाणी आहे. तो पुढचं वाचणारच नाही.

फोन वेगळे आहेत हे दाखवायला बरेच जण *#06# दाबून आयएमईआयचे फोटो पाठवतात. अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपला आयएमईआय वाचताच येत नाही. त्यांच्याकडे ताडून बघायला तो नंबरच नसेल, तर तो पुरावा वाया गेला.

खरा उपयोग होतो तो खाती वेगवेगळ्या माणसांची आहेत हे दाखवण्याचा. प्रत्येकाची केवायसी स्वतःची, बँक खातं स्वतःच्या नावाचं, आणि बोनसनंतरही रिचार्ज, मेसचं बिल असा नेहमीचा वापर. पण मित्रांची आधार कार्डं तुम्ही जोडू नका. प्रत्येकाने आपापल्या नोंदणीकृत ईमेलवरून, तुमचा तक्रार क्रमांक टाकून, ‘हे खातं माझं आहे, तपासा’ एवढं कळवावं. तुमचं स्वतःचं आधार मागितलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्या.

पत्राचा गाभा मी असा ठेवीन:

*“माझं खातं अमुक तारखेला बोनसच्या गैरवापराच्या कारणाने बंद झालं. त्या सहा रेफरलपैकी दोन खाती माझ्या फोनवरून उघडली गेली, कारण त्या वेळी त्या दोघांना स्वतःचा फोन वापरता येत नव्हता. एका फोनवर एकच खातं अशी आपली अट असल्यास त्या दोन रेफरलचे २०० रुपये आपण काढून घ्यावेत. उरलेली चार खाती वेगळ्या फोनवर, वेगळ्या व्यक्तींनी उघडली आहेत. ते आपल्याला स्वतंत्रपणे कळवत आहेत. माझ्या विनंत्या तीन आहेत. मी बँकेतून भरलेले १,७४० रुपये त्याच बँक खात्यात परत करावेत. चार रेफरलचे ४०० रुपये पुन्हा तपासावेत. खातं सुरू करता येत नसेल तर कोणत्या अटीमुळे, ते लेखी कळवावं.”*

या तीन मागण्या वेगवेगळ्या ठेवा. एकत्र मागितल्या की एका ‘नाही’मध्ये तिन्ही जातात. १,७४० साठी बँकेच्या उताऱ्याचं तेवढंच पान आणि प्रत्येक भरण्याचा बारा आकडी यूटीआर द्या. रेफर केलं त्या दिवशीच्या ऑफरच्या अटींचा स्क्रीनशॉट असेल तर तो सोन्यासारखा, कारण ऑफर संपली की ते पान बहुधा बदलतं. पत्र नोंदणीकृत ईमेलवरूनच, जुन्या तक्रारीच्या उत्तरातच पाठवा. आणि निकाल लागेपर्यंत दुसऱ्या नंबरवर नवं खातं उघडू नका. ‘एकाहून जास्त खाती’ हा ठपका तिथेच खरा ठरतो.

कोर्टरोड: मसुदा चांगला आहे, पण २०० रुपये आपणहून सोडणं मला पटत नाही. आधी त्यांना अट दाखवू दे. आज दोन चुकीचे मान्य केलेत, तर उद्या ते म्हणतील की सहाही त्याच पद्धतीचे.

पुढच्या पायरीसाठी दोन रकमांमधला फरक मात्र नक्की लक्षात ठेवा. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. पण कंपनीच्या व्यावसायिक निर्णयात लोकपाल पडत नाही. बोनस द्यायचा की नाही, हे त्यात मोडतं असं कंपनी म्हणू शकते. तुम्ही भरलेले १,७४० अडकवून ठेवणं ही सेवेतली त्रुटी, ते तिथे टिकतं. ग्राहक आयोगाची वाटही आहे. नाशिकच्याच जिल्हा आयोगात दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंत फी नाही. पण ४०० रुपयांसाठी किती तारखा खायच्या ते तुम्हीच ठरवा.

सातपूरकर: लोकपालाबद्दल पूर्ण सहमत. २०० बद्दल नाही. तपासणाऱ्याला नोंदीत जे दिसतं तेच पत्रात दिसलं, तर उरलेल्या चारांवर तो विश्वास ठेवतो. आणि मसुद्यात ‘अट असल्यास’ असंच लिहिलंय.

द्राक्षबाग: फोनच्या ओळख क्रमांकाचं मला ठाऊक नव्हतं. तरी हॉस्टेलच्या मालकाचं पत्र जोडायला काय हरकत? उरलेले चौघे त्याच वाय-फायवर आहेत ना.

सातपूरकर: जोडा. त्या चौघांपुरतं ते कामाचं आहे. त्यावर खोली आणि राहायला आल्याची तारीख असू दे.

गंगापूररोड: ज्याचा फोन दुरुस्तीला होता, त्याला तो दोन दिवसांत परत मिळाला. तेव्हापासून तो स्वतःच्याच फोनवर अ‍ॅप वापरतोय. त्याचेही शंभर सोडायचे?

सातपूरकर: सोडा. खातं उघडलं कुठे, तेच धरतात.

कोर्टरोड: घाई नको. अटीत ‘नोंदणी’ म्हटलंय की ‘वापर’, ते आधी वाचा आणि ते वाक्य इथे टाका.