मदत हवी आहे: २०२३-२४ चं बाबांचं रिटर्न राहिलं, ३१ मार्चपूर्वी आयटीआर-यू भरायचं आहे

वेळणेश्वरकर

नमस्कार मंडळी. बाबा निवृत्त शिक्षक, वय ६८, गुहागर तालुक्यात गावीच असतात. २०२३-२४ चं रिटर्न त्यांनी भरलं नाही, कारण "बँकेनं टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला" असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आता आयकर खात्याकडून ईमेल आला आहे की तुमच्या नावावर व्याजाचं उत्पन्न दिसतंय, पण रिटर्न दिसत नाही.

आकडे असे: पेन्शन ५,९०,०००. बँकेतल्या ठेवींचं व्याज १,६०,०००, त्यावर टीडीएस १६,०००. पतसंस्थेतल्या ठेवींचं व्याज २,००,०००, त्यावर काहीच कापलेलं नाही.

आणखी एक. आईचं वय ६४. २०२२-२३ मध्ये तिला ठेवीवर ९५,००० व्याज मिळालं. १५एच दिला नव्हता, म्हणून बँकेनं ९,५०० कापले. तिला दुसरं उत्पन्न नाही. तिचंही आयटीआर-यू भरून हे पैसे परत मिळतील का?

शिमग्याला गावी जाणार आहे, तेव्हा सगळं उरकायचं आहे. नेमके किती भरावे लागतील?

पेणचा_बापू

दादा, मुदत गेली. आयटीआर-यूला दोनच वर्षं असतात आणि ईमेल आला म्हणजे दार बंद. पण भरता आलंच, तर जुन्या पद्धतीनं भरा. ८०सीचे दीड लाख, मेडिक्लेमचे पन्नास हजार, ज्येष्ठांना व्याजावरचे पन्नास हजार, सगळं वजा होईल.

चिपळूणचा_हिशेबनीस

बापू, दोन वर्षं ही मुदत आधी होती. २०२५ च्या अर्थसंकल्पानं ती चार वर्षांची केली. आणि दोन वर्षं धरली तरी हे रिटर्न त्यात बसतंच. मोजणी आर्थिक वर्षापासून नाही, करनिर्धारण वर्ष संपल्यापासून होते. २०२३-२४ चं करनिर्धारण वर्ष २०२४-२५, ते ३१ मार्च २०२५ ला संपलं. म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत पहिले बारा महिने, तेवढ्यात जादा कर २५ टक्के. १ एप्रिलपासून ५० टक्के, पुढच्या दोन वर्षांत ६० आणि ७०. शिमग्याला उरकताय ते योग्यच आहे, पण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

जुन्या पद्धतीचा सल्ला मात्र चालणार नाही. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागते. धंद्याचं उत्पन्न नसलेल्यानं जुनी निवडायची, तर मूळ मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडावी लागते. ती मुदत ३१ जुलै २०२४ ला संपली. बापूंच्या वजावटी धरल्या तर कर ४१,६०० आला असता, नव्या पद्धतीत ४६,८०० येतो. हा फरक आता सोसावाच लागेल.

हिशेब: पेन्शनमधून पन्नास हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ५,४०,०००. त्यात व्याज ३,६०,०००. एकूण नऊ लाख. तीन ते सहा लाखांवर १५,०००, सहा ते नऊवर ३०,०००, मिळून ४५,०००, चार टक्के उपकरासह ४६,८००. टीडीएसचे १६,००० वजा करून बाकी ३०,८००.

यावर उशिराचं व्याज दरमहा एक टक्का, ऑगस्ट २०२४ ते मार्च २०२६ असे वीस महिने: ६,१६०. बाबा साठीच्या पुढचे आहेत आणि धंदा नाही, म्हणून आगाऊ कर त्यांना लागूच नाही. त्यामुळे तो न भरल्याचं व्याजही नाही. पोर्टलवर ते लागलेलं दिसलं तर जन्मतारीख तपासा.

कर अधिक व्याज ३६,९६०. त्याच्या २५ टक्के, म्हणजे ९,२४०. उशिराचं शुल्क ५,००० वेगळं, त्यावर २५ टक्के लागत नाहीत. एकूण ५१,२००. हेच एप्रिलमध्ये भरलं तर व्याज एक महिन्यानं वाढून आणि दर ५० टक्के होऊन साधारण ६०,९०० होतील.

तारकर्ली_ताई

माझंही हेच वर्ष आहे. रिटर्न जुलै २०२४ मध्येच भरलं होतं, पण होमस्टेचे रोख मिळालेले पैसे दाखवायचे राहिले. गेल्या जूनमध्ये १४३(२) ची नोटीस आली. मीही २५ टक्के भरून मोकळी होऊ का?

चिपळूणचा_हिशेबनीस

ताई, नाही. रिटर्न आधी भरलेलं असलं तरी राहिलेलं उत्पन्न आयटीआर-यूनं दाखवता येतं, पण १४३(२) आली म्हणजे छाननी सुरू झाली. ती चालू असताना नाही आणि पूर्ण झाल्यावरही त्या वर्षासाठी नाही. होमस्टेचा हिशेब नोटिशीच्या उत्तरातच द्या आणि अधिकाऱ्यांनी विचारण्याआधी द्या. ही सही-शिक्क्याची कामं सीएकडूनच करून घ्या, दंडाचा प्रश्न येतो.

पण १४३(१) ची सूचना वेगळी. ती प्रत्येकाला येते, तिच्यानं काही अडत नाही. वेळणेश्वरकर, तुमचा ईमेल आठवण देणारा दिसतो. तरी पोर्टलवर `e-Proceedings` उघडून बघा. तिथं काही नसेल तर पुढं जा.

वेळणेश्वरकर

मनापासून आभार, काका. आणि आईचं?

चिपळूणचा_हिशेबनीस

आईंचं आयटीआर-यूनं होणार नाही. ज्यात परतावा निघतो किंवा आधीचा परतावा वाढतो ते चालत नाही. आधी दाखवलेला कर कमी होत असेल किंवा तोटा दाखवायचा असेल तरीही नाही. वाट फक्त सरकारला जादा पैसे देण्याची आहे, घेण्याची नाही.

आईंसाठी पोर्टलवर विलंब माफीचा अर्ज करा. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत तो करता येतो, म्हणजे त्यांच्यासाठी ३१ मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे. उशिराचं खरं कारण कागदांसह द्या. मंजूर झाला तरच रिटर्न भरता येईल. परताव्यावर व्याज मिळणार नाही. आणि पुढच्या वर्षांसाठी टीडीएस न कापण्याचा फॉर्म बँकेला एप्रिलमध्येच द्या, म्हणजे हे पुन्हा होणार नाही.

पेणचा_बापू

मुदतीचं कळलं, आभारी आहे. भरायचं कसं तेही सांगा, माझ्या मेहुण्याला लागेल.

चिपळूणचा_हिशेबनीस

आधी पैसे, मग रिटर्न. `e-Pay Tax` मध्ये वर्ष 2024-25 आणि प्रकार `Self-Assessment Tax (300)` निवडून पूर्ण रक्कम भरा. चलानाचे तपशील रिटर्नमध्ये टाकावे लागतात. फॉर्म आयटीआर-१ चालेल. त्यात कारण विचारतात, तिथं `Return previously not filed` निवडा. मग ई-पडताळणी तीस दिवसांत. गावी रेंज नसते, म्हणून आधारला जोडलेला मोबाईल हाताशी ठेवून ओटीपी तिथंच उरका.

एका वर्षाचं आयटीआर-यू एकदाच भरता येतं. म्हणून आधी एआयएस आणि २६एएस उघडून प्रत्येक ओळ पासबुकाशी जुळवा. पतसंस्थेचं व्याज तिथं दिसलं नाही तरी दाखवायचंच, व्याजाचा दाखला संस्थेकडून मागा.

मुरूडचा_वाचक

एक शंका. `e-Proceedings` मध्ये १४२(१) ची, म्हणजे "रिटर्न भरा" अशी नोटीस असेल तर? आमच्या सीएंच्या मते तेव्हाही आयटीआर-यू चालतं.

चिपळूणचा_हिशेबनीस

यावर दोन मतं आहेत. काही सीए म्हणतात की ती नोटीस म्हणजेच निर्धारणाची सुरुवात, काही म्हणतात नुसतं रिटर्न मागितलंय. मी असतो तर आधी नोटिशीतली तारीख आणि मजकूर बघून अधिकाऱ्यांना लेखी विचारलं असतं. कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर लिहा.

वेळणेश्वरकर

आत्ताच बघितलं, बाबांच्या `e-Proceedings` मध्ये काही नाही. पतसंस्थेच्या सचिवांना दाखल्यासाठी फोन केला, सोमवारी बोलावलंय.