अनुभव धागा: प्रेमकथेत 'मी' बरी की 'ती'?

प्राजक्त: माझी प्रेमकथा निम्मी 'मी' करून लिहून झालीये आणि आता वाटतंय सगळी 'ती'मध्ये फिरवावी. तुम्हाला वाचताना, लिहिताना कशात जास्त जवळीक वाटली? अनुभव सांगा.

रातकिडा: 'मी'च, विषयच नाही! थेट तिच्या डोक्यात बसायला मिळतं, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही म्हणून तर पानं उलटत राहतो. 'ती' म्हटलं की लेखक मध्ये येऊन उभा राहतो.

बोरूबहाद्दर: लेखक मध्ये येतो तो 'ती'मुळे नाही रे, 'तिला वाटलं', 'तिला जाणवलं' यांच्यामुळे. हे बघ:

"त्याने तिचा हात धरला. तिला वाटलं की तो आता सोडेल. पण त्याने सोडला नाही."

आणि हे:

"त्याने तिचा हात धरला. सोडेल आता. सोडत का नाहीये हा?"

दुसऱ्यात 'मी' कुठेच नाही तरी आपण तिच्या आतच. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (1813) तृतीय पुरुषातच आहे, पण डार्सीचं पत्र आपण एलिझाबेथबरोबरच वाचतो आणि त्याच्याबद्दलचं मतही तिच्याबरोबरच बदलतं. उलट 'मी'मध्ये "माझे गाल लाल झाले" असं सर्रास लिहितात, आता ते हिला दिसले कुठून? कान तापले म्हणा, ते तिला कळेल.

सदाफुली: मला नाही आवडत तृतीय पुरुष. दोघांचं छान चाललेलं असताना तिसरा कशाला आणतात, उगाच रडारड.

प्राजक्त: अहो ताई, प्रेमाचा त्रिकोण नाही, निवेदन कोण करतंय ते विचारतेय 😄

सदाफुली: अच्छा! मग कोणीही करू दे, शेवट गोड पाहिजे.

निळीशाई: माझ्या कथेत दोघी मुलीच आहेत. जवळ येण्याच्या प्रसंगात "तिने तिचा हात तिच्या खांद्यावर ठेवला" असं झालं, कोणाचा हात आणि कोणाचा खांदा! मग दर वाक्यात नावं घालत बसले तर हजेरी घेतल्यासारखं वाचायला लागलं. शेवटी एकीला 'मी' केलं आणि सुटले, पण दुसरीचं मन दाखवायचं राहूनच गेलं.

रातकिडा: मग एक प्रकरण हिचं 'मी', एक तिचं 'मी' कर की.

निळीशाई: केलं होतं. दोघी एकसारख्याच बोलायला लागल्या, आणि दुसऱ्याच प्रकरणात तिचं प्रेम वाचकाला कळून बसलं, त्यामुळे पुढचा गैरसमज नुसता ताणल्यासारखा वाटला.

बोरूबहाद्दर: दुसरं नाही पटलं. वाचकाला कळलेलं हिला कधी कळणार, त्यातच मजा असते. आणि रातकिड्या, 'मी' म्हणजे कायम थेट तिच्या डोक्यात असंही नाही. 'जेन एअर' (1847) मधली जेन लग्नाला दहा वर्षं झाल्यावर सगळं सांगतेय, म्हणजे भोगणारी 'मी' वेगळी आणि सांगणारी वेगळी.

रातकिडा: असेल, पण वाचताना मला ती दहा वर्षं अजिबात जाणवली नाहीत.

प्राजक्त: माझी नायिका तर स्वतःशीही खोटं बोलते, तिला तो आवडतो हे तिलाच मान्य नाही. ते 'मी'मध्ये भारी जमतंय, 'ती'मध्ये मलाच मध्ये येऊन सांगावंसं वाटतं. 'तिला वाटलं' काढून एक प्रसंग लिहून बघते, मग टाकते इथे.