अनुभव धागा: श्वास मोजताना घाबरे होणाऱ्यांसाठी मनातली शांत जागा

केतकीबन (धागालेखिका)

अस्वस्थ वाटू लागले की दीर्घ श्वास घ्या, हा सल्ला शेजाऱ्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळेच देतात आणि बहुतेकांना तो लागूही पडतो. मात्र श्वासाकडे लक्ष गेल्याबरोबर तो अपुरा पडतो आहे असे वाटणारी, आकडे मोजता मोजता छाती आवळून येणारी माझ्यासारखी माणसेही आहेत. माझ्या समुपदेशक बाईंनी श्वास बाजूला ठेवून मला मनात एक जागा बांधायला शिकवले. तुमच्यापैकी कोणी असे काही करत असल्यास जागा कोणती निवडली, ती कशी बांधली आणि कुठे अडले, हे सविस्तर लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करते. जागा निवडायला सांगितल्यावर पहिल्यांदा आजोळचे घर डोळ्यांपुढे आले. पण त्या घरावरून मामा-मावश्यांमध्ये वाद चालू आहे, त्यामुळे पडवीत बसल्यावर मिनिटभरातच मन वाटणीच्या कागदांवर जाऊन पोहोचले. बाई म्हणाल्या की जिथे हयात नातलगांची ये-जा आहे, अशी जागा शक्यतो टाळावी, कारण माणसे आली की त्यांचे प्रश्नही येतात. मग मी शाळेच्या ग्रंथालयातली शेवटच्या कपाटामागची फरशी निवडली. तिथे मे महिन्याच्या दुपारी मी एकटीच वाचत बसत असे.

बाईंनी घाई केली नाही. आधी काय दिसते ते मोठ्याने सांगायला लावले: कपाटाची हिरवट जाळी, खालच्या खणातले दिवाळी अंक. मग आवाज: पंखा प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् करतो. मग वास: बांधणीच्या खळीचा आणि जुन्या कागदाचा. शेवटी स्पर्श: पोटऱ्यांना लागणारी गार शहाबादी फरशी. शरीरात बरे नेमके कुठे वाटते आहे, असे विचारल्यावर मला उत्तर देता आले, कारण खांदे खाली आलेले होते. तिथेच थोडा वेळ राहून त्या अनुभवाला एक शब्द जोडायचा होता. मी ‘शहाबादी’ हा शब्द घेतला.

पुढचा भाग मला सर्वांत उपयोगी वाटला. शून्य ते दहाच्या मापावर जेमतेम तीन भरेल असा एखादा त्रास मुद्दाम आठवायचा, तो जाणवू लागला की शब्द उच्चारून जागेत जायचे आणि आकडा खाली येतो का ते पाहायचे. मी सोसायटीच्या पाणीपट्टीचा वाद आठवला होता. तिनाचा एक झाला, तेव्हा जागा धरली असे समजले. नऊ-दहाचा त्रास घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जाऊ नये, असे त्यांनी निक्षून सांगितले होते.

सूर्योदय_नाशिक

मी अनेक वर्षे योगवर्ग घेतो. श्वासाने घाबरे होणारे लोक श्वास चुकीचा घेतात, एवढाच त्याचा अर्थ आहे. श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांब ठेवला, तर हा त्रास कोणालाही होणार नाही. कल्पनेची जागा मात्र सिनेमासारखी स्वच्छ दिसली पाहिजे, अन्यथा उपयोग नाही, आणि तिचा सराव घबराटीचा झटका आलेला असतानाच करावा, म्हणजे ती कसोटीला उतरते.

आडवाट (समुपदेशक)

सूर्योदय सरांचा पहिला मुद्दा बराचसा बरोबर आहे. बसल्या जागी जोरजोराने खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि चिंतेने ग्रासलेला माणूस त्यालाच संकट समजतो. अशांना सावकाश, न ताणलेला उच्छ्वास मदत करतो.

पण काही जणांचा श्वास तंत्रशुद्ध असूनही त्यांना त्रास होतो, कारण त्यांची अडचण तंत्राची नसून लक्षाची असते. ते आधीच दिवसभर छातीवर पहारा ठेवून असतात आणि आपण त्यांना तिकडेच आणखी बारकाईने पाहायला सांगतो. याखेरीज सैल होणे हेच काहींना भीतीदायक वाटते, कारण त्यांना त्यात ताबा सुटल्यासारखे होते. अमेरिकेतील संशोधकांनी 1983 साली या प्रकाराबद्दल लिहिले होते, त्यामुळे ही तक्रार मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्यासारखी नाही.

केतकीबन यांनी सांगितलेला क्रम ईएमडीआर या मानसिक आघातावरील उपचारपद्धतीच्या तयारीच्या टप्प्यात वापरला जातो. फ्रान्सिन शापिरो यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत मांडली. तिच्यात जागेबरोबर संथपणे थोपटण्याचा एक छोटा भागही असतो, तो मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण आघातातून गेलेल्या व्यक्तीने तो एकट्याने करू नये असे माझे मत आहे. ज्यांना घरातच इजा झाली आहे, त्यांच्याकडे ‘सुरक्षित’ जागेचा आग्रहही मी धरत नाही, कारण तसे म्हटले की त्यांचे मन धोका शोधू लागते. जिथे जरा बरे वाटते ती जागा पुरते.

सराव झटक्यातच करावा, हे मात्र मला मान्य नाही. रोज शांत असताना दोन-तीन मिनिटे केलेला सरावच अडचणीच्या वेळी हाताशी येतो.

कोकणकन्या_७

गुहागरजवळ आमच्या नात्यातल्यांची उत्तम निवासव्यवस्था आहे. समोरच समुद्र, गर्दी अजिबात नाही, मोबाइलला रेंजही जेमतेम. शांत जागा हवी असलेल्यांनी अवश्य संपर्क साधावा.

केतकीबन (धागालेखिका)

कोकणकन्याताई, आभारी आहे. इथे मनातल्या मनात जाण्याच्या जागेविषयी चर्चा चालू आहे, तरी एखाद्याला तुमचा समुद्र त्यासाठीही उपयोगी पडेल.

दळणवळण

मला डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही. आईचा चेहरासुद्धा नाही. 2015 मध्ये अशा स्थितीला अफँटेझिया हे नाव मिळाल्याचे वाचले, तोवर ‘डोळ्यांसमोर आणा’ ही बोलण्याची पद्धत आहे असेच मी समजत होते. साहजिकच ‘समुद्रकिनारा पाहा’ म्हणणारी ध्वनिमुद्रणे माझ्यासाठी निरुपयोगी ठरली.

माझी जागा आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी आहे. ती मला दिसत नाही, पण कुठे काय आहे ते ठाऊक आहे: डावीकडे वजनकाटा, समोर डब्यांची रांग, उजवीकडे फिरणारा पट्टा. नुकत्याच दळलेल्या ज्वारीच्या पिठात हात घातला की मनगटापर्यंत ऊब चढते, आणि ती ऊब मला आठवता येते. गिरणीत इतका आवाज असतो की कोणी काही विचारत नाही, हेही मला सुखाचे वाटते. समुपदेशकांना आधी ती जागा पटेना, कारण त्यांच्या मते ती फार गोंगाटाची होती. पण तिथे गेल्यावर माझा जबडा सैल होतो, हे त्यांनी स्वतः पाहिले.

पुणेरी_दमेकरी

मला लहानपणापासून दमा आहे, त्यामुळे माझे प्रकरण वेगळे आहे, तरी लिहितो. घरघर आणि खोकला असेल तर मी आधी डॉक्टरांनी दिलेला पंप घेतो आणि जागाबिगा नंतर. पंप घेऊनही आराम पडला नाही तर सरळ दवाखाना गाठतो. पंप लागू पडून छाती मोकळी झाली तरी हात थरथरत राहतात, तेव्हा मात्र जागेचा उपयोग होतो. एक सावधगिरी सांगतो: माझी पहिली जागा धुक्यातला घाट होती आणि धुके म्हटले की मला कोंडल्यासारखे होऊ लागले. आता उघडी गच्ची निवडली आहे.

बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक ध्वनिमुद्रणाची सुरुवात ‘एक खोल श्वास घ्या’ अशी होते, हा वैताग आणखी निराळा.

आडवाट (समुपदेशक)

त्यावर उपाय सोपा आहे. फोनवर आपल्याच आवाजात मुद्रण करावे आणि त्यात श्वासाचा उल्लेखही येऊ देऊ नये. उदाहरणार्थ: ‘पाठ कुठे टेकली आहे? पायाखाली काय आहे? जवळचा आवाज कोणता? लांबचा कोणता? हवा गार आहे की उबदार?’ प्रत्येक प्रश्नानंतर उत्तर शोधायला पुरेशी शांतता ठेवावी. ‘तुम्हाला आता शांत वाटते आहे’ असे वाक्य मात्र घालू नये, कारण तसे वाटत नसले की ऐकणारा लगेच स्वतःला तपासू लागतो.

नानाकाका_सांगली

आमच्या पिढीला हे नवीन नाही. मानसपूजा म्हणजे दुसरे काय? मी रोज पहाटे पलंगावर बसल्या बसल्या देवघर उघडतो, देवांना पाणी घालतो, गंध उगाळतो, सहाणेवरचा ओलसर खरखरीतपणा बोटांना जाणवेपर्यंत पुढे जात नाही. मग फुले, धूप, दीप, नैवेद्य. मन भरकटले तरी आपण कुठवर आलो होतो ते सापडते, कारण पुढची पायरी ठरलेली असते. हिच्या निधनानंतर झोप उडाली होती, तेव्हा याचाच आधार झाला.

उंबरठा

काका, तुमच्याविषयी पूर्ण आदर आहे, पण माझ्या घरी देवघर म्हणजे सोवळ्याओवळ्याची भीती आणि बोलणी. मला तिथे आणखीच धडधड होते. तरी क्रमाची कल्पना मी उचलली आहे: मी मनात माठ घासते, भरते, बुडाखाली तिवई सरळ करते आणि वर झाकण ठेवते.

माझा प्रश्न दुसराच आहे. हल्ली कार्यालयात बैठक सुरू झाली की मी आपोआप माठापाशी जाते आणि लोक काय बोलले ते मला कळतच नाही. बरे वाटते, पण परत यायला वेळ लागतो. हे योग्य आहे का?

आडवाट (समुपदेशक)

उंबरठाताई, हे आपल्या समुपदेशकांना जरूर सांगा. भान सुटल्यासारखे होत असेल, तर सराव डोळे उघडे ठेवून, तळपाय जमिनीला टेकवून आणि मिनिटभराचा गजर लावून करावा. परतताना खोलीतल्या काही वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत. तरीही परत येणे जड जात असेल, तर काही काळ हा सराव थांबवलेला बरा.

बैठकीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. पॅनिकच्या, म्हणजे घबराटीच्या झटक्यांच्या, उपचारात धडधड होत असतानाही काही बिघडत नाही, हे रुग्णाने अनुभवायचे असते. दर वेळी जागेत निघून गेल्यास ‘मी गेले म्हणून वाचले’ हा समज पक्का होतो. म्हणून बैठकीआधी जागेत जाऊन यावे आणि बैठकीत मात्र बैठकीतच बसावे, असे मी सुचवते. माझे काही सहकारी याबाबत इतके कडक नाहीत.

दळणवळण

मीही कडक नाही. लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी थांबली की मी गिरणीत जाते, म्हणूनच आज नोकरी करू शकते. तो समज चुकीचा असला तरी पगार खरा आहे.

आडवाट (समुपदेशक)

हा मुद्दा मला नाकारता येत नाही. एवढेच विचारते, गाडी थांबण्याच्या भीतीमुळे तुम्ही आता आधीपेक्षा जास्त प्रवास टाळता की कमी?

दळणवळण

कमी. पण जलद गाडी अजून घेत नाही.

सूर्योदय_नाशिक

माझ्या वर्गातल्या एक बाई शवासनात दर वेळी उठून बाहेर जातात. त्यांना बसून, डोळे उघडे ठेवून, श्वासाऐवजी जागेचे वर्णन करायला सांगून पाहतो. त्या तयार झाल्या तर इथे कळवतो.