शैलीमिती की शैलीमापन? आणि 'व', 'तर', 'च' यांना एकत्र काय म्हणायचं?

गंगापूररोडकर:
लेखनातल्या सवयी मोजून लेखक ओळखायचा, त्या 'स्टायलोमेट्री'साठी मराठीत कोणता शब्द रुळला आहे? आणि त्यात मोजतात त्या 'व', 'तर', 'च' अशा बारीक शब्दांना एकत्र काय म्हणायचं? मी 'शैलीमापन' लिहीत होतो, पण ते शिंप्याच्या मापासारखं वाटतं. निमित्त घरचं आहे. आजोबांच्या ट्रंकेत १९६९ च्या गोदावरीच्या पुरावरचा एक टंकलिखित लेख सापडला. खाली नाव नाही. वडील म्हणतात तो आजोबांचा, आत्या म्हणते त्यांच्या वकील मित्राचा. आजोबा आणि वकील रोज संध्याकाळी रामकुंडावर भेटत, त्यामुळे आठवणीही सारख्याच. दोघांचं सही असलेलं लेखन मी संगणकावर टंकून घेतलंय: आजोबांचे ९००० शब्द, वकिलांचे ६०००. निनावी लेख ३००० शब्दांचा आहे.

निफाडची वाचक:
टंकलिखित आहे म्हटल्यावर अक्षर कसं जुळवणार? त्यासाठी हस्ताक्षरतज्ज्ञ लागतो ना? आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एक निनावी पत्र आलं होतं, तेही छापील. आजतागायत कळलं नाही कोणाचं ते.

पंचवटीकर:
ताई, इथे अक्षराचा संबंध नाही, शब्दांच्या सवयींचा आहे. शब्दाबद्दल म्हणाल तर माझा कौल 'शैलीमिती'ला. भूमिती, त्रिकोणमिती, अर्थमिती या ओळीत तो सहज बसतो, आणि नुसतं मोजणं नव्हे तर मोजण्याची पद्धत हा अर्थही त्यात येतो.

यातलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १७८७-८८ साली तिथल्या नव्या राज्यघटनेच्या बाजूने 'पब्लियस' या टोपणनावाने ८५ लेख आले. त्यातले १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद पुढे दीडशे वर्षं रेंगाळला. दोघंही एकाच विषयावर, एकाच थाटात लिहिणारे. त्यांची सरासरी वाक्यलांबीसुद्धा जवळजवळ सारखीच. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये आपलं काम पुस्तकरूपात मांडलं. त्यांनी भर दिला तो 'अपॉन'सारख्या क्षुल्लक शब्दांवर. हॅमिल्टन तो दर हजार शब्दांत साधारण तीनदा वापरतो, मॅडिसन क्वचितच. हॅमिल्टन 'व्हाइल' लिहितो तिथे मॅडिसन 'व्हिल्स्ट'. वादातले बाराही लेख मॅडिसनच्या बाजूला गेले.

सिडकोकर:
म्हणजे अव्ययं मोजायची. मराठीत शब्द तयारच आहे की! शिवाय लेखकाचे ठेवणीतले शब्द बघावेत. निनावी लेखात 'अहर्निश' असेल आणि आजोबा 'अहर्निश' लिहीत असतील तर झालं काम.

पंचवटीकर:
अव्ययांचं अर्धं बरोबर आहे. 'हळूहळू' हे अव्यय, पण पुराच्या लेखात पाणी चढतं म्हणून ते येणारच. ते विषयामुळे आलं, लेखकाच्या सवयीमुळे नव्हे. उलट 'आहे', 'होता', 'तो', 'जो' ही अव्ययं नाहीत, पण मोजायला हवीत. आणि ठेवणीतला शब्द मित्राकडून सहज उचलला जातो, रोज गप्पा मारणाऱ्यांत तर नक्कीच. 'पण' लिहायचं की 'परंतु', याचा विचार मात्र लिहिताना कोणी करत नाही. म्हणून भरवसा त्याच्यावर. अशा सगळ्या शब्दांना मी 'नातेशब्द' म्हणतो, कोणाला याहून बरं सुचलं तर हवंच आहे.

गंगापूररोडकर, आकडे टाका. दर हजारी काढा, कारण तिघांची लांबी वेगळी आहे.

गंगापूररोडकर:
'आणि': आजोबा १०८ वेळा म्हणजे हजारी १२, वकील ३० म्हणजे ५, निनावी ३३ म्हणजे ११.
'व': आजोबा ४५ म्हणजे ५, वकील ९० म्हणजे १५, निनावी १८ म्हणजे ६.
शेवटी 'च' असलेले शब्द निनावी लेखात ४२, हजारी १४. आजोबांचेही १४, वकिलांचे ७. तिन्ही आकडे आजोबांकडेच बोट दाखवतात.

पंचवटीकर:
'च' कसा मोजलात? इंग्रजीत हे शब्द सुटे असतात, मोकळ्या जागेवर तोडले की हाती येतात. मराठीत 'च', 'ही', विभक्तीचे प्रत्यय सगळे शब्दाला चिकटतात, आणि तसं तोडलं तर अर्धा पुरावाच हरवतो. नुसतं शेवटचं अक्षर पाहिलंत तर 'पाच', 'उंच', 'काच', 'लाच' हेही जमा होतात.

गंगापूररोडकर:
खरंच तसं झालंय. दोन्ही लेखकांचं लेखन मी हाताने निवडलं होतं, निनावी लेख मात्र घाईत यंत्रावर सोडला. 'पाच फूट पाणी', 'पाच पायऱ्या', 'उंच ओटा' असं जागोजाग आहे. ते आणि 'उगाच', 'तसेच' हे मुरलेले शब्द काढले तर उरतात २४. हजारी ८. आता 'च' वकिलांच्या बाजूला गेला!

सिडकोकर:
मग दोन विरुद्ध एक. आजोबाच.

पंचवटीकर:
मतं मोजून चालणार नाही. 'आणि' आणि 'व' ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली येतंच. तो एकच पुरावा. शिवाय 'व'चं 'आणि' करणं हे संपादक आणि मुद्रितशोधक सर्रास करतात. वकिलांचं लेखन छापील, आजोबांचं वहीतलं असेल तर तुलनाच वाकडी. 'च' सहसा कोणी बदलत नाही.

पुढचं पाऊल असं. तीन शब्दांऐवजी सगळ्यांत जास्त येणारे शंभरेक शब्द घ्या. त्याच काळातल्या आणखी सात-आठ जणांचं लेखन जमवा आणि प्रत्येक शब्दाचं प्रमाण लेखकागणिक किती हलतं ते पाहा. दोघांतला फरक त्या हलण्याने भागला की 'आहे'सारखा जागोजाग येणारा शब्द बाकीच्यांना झाकून टाकत नाही. बरोज या अभ्यासकांची २००२ ची 'डेल्टा' पद्धत हीच. इतर लेखक आणखी एका कारणाने हवेत: दोघंच उमेदवार ठेवले तर लेख तिसऱ्याचा असला तरी गणित दोघांतलं एक नाव सांगतंच.

आधी 'नाहीं', 'कांहीं', 'तें' एका वळणावर आणा. शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनंतरही जुन्या पिढीने अनुस्वार सोडले नव्हते, आणि संगणक 'नाहीं' व 'नाही' हे वेगळे शब्द धरतो. मग आजोबांचाच ३००० शब्दांचा तुकडा बाजूला काढून तो आजोबांकडे जातो का ते तपासा. वकिलांचंही तसंच करा. तिथेच चुकलं तर निनावी लेखाचं उत्तर मानू नका.

निफाडची वाचक:
आमचं पत्र दीड पानाचं आहे, तीनशे शब्द असतील. संशय एका शेजाऱ्यावर. तपासता येईल का?

पंचवटीकर:
नाही. हजारी ८ म्हणजे तीनशेत दोन-तीन 'च'. एखाद-दुसरा इकडेतिकडे झाला की निकाल उलटतो. त्यावरून शेजाऱ्याकडे बोट दाखवू नका, ही कळकळीची विनंती. तक्रारीचं पत्र आणि त्यांचं एरवीचं लेखन यांचा बाजही वेगळा असणार.

मखमलाबादची:
वाक्यरचनेचं काय? माझे वडील क्रियापद आधी टाकत: 'आलं होतं पाणी थेट नारोशंकरापर्यंत.' मला तर सवय त्यातच दिसते.

पंचवटीकर:
उत्तम निरीक्षण. सरासरी लांबीपेक्षा असं वळण जास्त सांगतं. क्रियापदानंतर काही शिल्लक राहणारी वाक्यं शंभरात किती, 'जो… तो'ची किती, 'जाऊन, बघून, सांगून' अशी माळ किती लांब, हे मोजावं. पण आठवणी सांगताना आणि निबंध लिहिताना एकाच माणसाची वाक्यं बदलतात. वकिलांचं काय आहे तुमच्याकडे?

गंगापूररोडकर:
बहुतेक कायद्यावरचे लेख. आजोबांच्या मात्र आठवणीच. तुलना वाकडी म्हणता ती इथेही आहे, आता कळलं. आत्याकडे वकिलांची आजोबांना आलेली पत्रं आहेत, ती टंकायला घेतो.

आणखी एक. आत्या आत्ताच म्हणाली, आजोबांना टंकयंत्र येत नव्हतं. लेख वकिलांच्या कारकुनाने टंकला असणार. मग 'व'चं 'आणि' त्याने केलं असेल का?

सिडकोकर:
कारकुनाने टंकलेला दुसरा एखादा कागद मिळाला तर कळेल. आणि 'नातेशब्द' मला अजून पटलेला नाही, सासर-माहेर आठवतं. 'जोडशब्द' म्हणू या का?

मखमलाबादची:
'जोडशब्द' म्हटलं की मला समास आठवतो.