प्रतिसाद: घोडीचं नाव आणि स्वाराचं स्वप्न

> नायिका शहाद्याची, घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतली, स्वप्न महालक्ष्मी रेसकोर्सवर डर्बी जिंकायचं. ‘विजया’ नाव कसं वाटतं?

नावाआधी स्वप्न तपासा. डर्बीत फक्त नोंदणीकृत थरोब्रेड जातीचे घोडे धावतात, तेही चार वर्षांचे. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात मुख्यतः मारवाडी, काठियावाडी जनावरं येतात. त्यांना डर्बीत प्रवेशच नाही. शिवाय रेसच्या घोड्याचं नाव मालक नोंदवतो, अनेकदा आई-बापाच्या नावांवरून, आणि जॉकी बऱ्याचदा नंतर येतो. म्हणजे त्या नावात तुमच्या नायिकेचं स्वप्न कुठून येणार?

त्यापेक्षा तिला रेवाल चालीच्या स्पर्धेत उतरवा. तिथे वेगाइतकाच कस लागतो तो चालीचा: घोडी झपाझप निघाली तरी वरचा स्वार हिंदकळता कामा नये. मग नाव तीच ठेवेल, हे पटतं.

‘विजया’ मात्र नको, पहिल्याच पानावर निकाल कळतो. स्वप्नातला जिंकण्याचा भाग सोडा आणि ती कशासाठी धडपडते ते धरा. समजा तिला तापीवरचा पूल ओलांडून गावाबाहेर पडायचंय, तर घोडी ‘पल्याड’. विकणाऱ्याने तिला चार पांढरे पाय आणि कपाळावरचा पट्टा बघून ‘पंचकल्याणी’ म्हणूनच हाक मारलेली असेल. शुभलक्षणी म्हणून भावही त्यावरच चढवला असेल. बाप तेच म्हणत राहील, मुलगी ‘पल्याड’ म्हणेल. घोडी कोणत्या हाकेला कान टवकारते, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील. आणि नाव मोठ्याने ओरडून बघा, मैदानात भोंग्यावरून तेच पुकारलं जाणार आहे.