शब्दचर्चा : गोषवारा सोपा करताना कोणते शब्द हलवू नयेत?

सायली, गंगापूर रोड
माझ्या प्रबंधाच्या गोषवाऱ्यातली ही वाक्यं पाहा:

"प्रस्तुत संशोधनाच्या माध्यमातून निफाड तालुक्यातील निवडक द्राक्षबागांमध्ये फळछाटणीपश्चात पर्णआर्द्रतेचा कालावधी व केवडा रोगाची तीव्रता यांमधील सहसंबंधाचे अध्ययन करण्यात आले असून, दोहोंमध्ये सार्थ धन सहसंबंध असल्याचे निदर्शनास आलेले आहे. निष्कर्ष एका हंगामापुरते मर्यादित असल्याने पूर्वानुमानासाठी त्यांचा वापर करताना सावधगिरी बाळगणे इष्ट ठरू शकेल असे सूचित करण्यात येत आहे."

मार्गदर्शक म्हणाले, माणसाने लिहिल्यासारखं करा. मैत्रिणीने करून दिलं: "पाने जितकी जास्त वेळ ओली राहतात तितका केवडा वाढतो, हे आम्ही सिद्ध केले. त्यामुळे फवारणीचा अंदाज आता अचूक बांधता येईल." यावर त्यांनी लाल रेघ मारली. मग मधलं काय लिहायचं?

विनायक
'च्या माध्यमातून', 'करण्यात आले असून', 'निदर्शनास आलेले आहे' हे सगळं उडवा, निम्मं काम तिथेच होतं. 'सार्थ'च्या जागी 'लक्षणीय' घाला आणि 'सहसंबंध'च्या जागी सरळ 'संबंध'.

बाळासाहेब, पिंपळगाव
ताई, छाटणीनंतर दव धरलं की डावणी येणारच, आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील. सिद्ध काय करायचं त्यात? आमच्या बागेत यंदा कोवळ्या घडांवर उतरली. फवारणी कधी घ्यायची ते लिहा की.

जोशी सर, कॉलेज रोड
क्रियापदांबद्दल विनायक बरोबर आहेत, संज्ञांबद्दल नाहीत. 'सार्थ' म्हणजे चाचणीत टिकलेला. 'लक्षणीय' वाचून माणूस 'मोठा' असं समजतो. नोंदी भरपूर असल्या की अगदी किरकोळ सहसंबंधही सार्थ ठरतो, म्हणून शेजारी सहसंबंध गुणांक द्यावा, म्हणजे वाचणाऱ्याला तो किती मोठा ते कळेल. 'तीव्रता'ही तशीच ठेवा. पानाचा किती भाग रोगाने व्यापला, ते तीव्रता सांगते. किती पानांना रोग लागला, तो प्रादुर्भाव. नुसतं 'केवडा जास्त' म्हटलं की यातलं काय मोजलं ते हरवतं.

मैत्रिणीच्या वाक्यात खरी गडबड 'वाढतो' या रूपात आहे. 'पाऊस पडला की नदी वाढते' म्हणतो तसा तो नियम झाला, आणि 'जितकी-तितका'ने तो प्रमाणातही बसवला. तुमच्याकडे नियम नाही, नोंदी आहेत. भूतकाळ वापरा: "ज्या बागांत पाने जास्त वेळ ओली राहिली, तिथे तीव्रताही जास्त आढळली." कारण कोण आणि परिणाम कोण, याबद्दल हे वाक्य काहीच बोलत नाही. 'सिद्ध' तर नकोच.

शेवटच्या वाक्यात उलटा प्रकार आहे. 'इष्ट', 'ठरू शकेल' आणि 'सूचित करण्यात येत आहे', एकाच शंकेवर तीन पांघरुणं. अनिश्चितता हंगामाची आहे, तर तिथेच एकदा सांगा: "नोंदी एकाच हंगामातल्या असल्याने पूर्वानुमानासाठी त्या वापरताना सावधगिरी हवी."

सायली
आणि 'पर्णआर्द्रता'? तो तर शास्त्रीय शब्द म्हणून मी मुद्दाम घातला होता.

जोशी सर
तुम्ही यंत्राने मोजलं काय? हवेतली आर्द्रता, की पानावरचं पाणी?

सायली
पान ओलं आहे की नाही ते टिपणारा सेन्सर होता. दर तासाला नोंद.

जोशी सर
मग 'आर्द्रता' चुकीचं, मैत्रिणीचं 'ओली' बरोबर! केवड्याच्या बुरशीचे चलबीजाणू पाण्यात पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांपर्यंत जातात, त्यांना पानावर प्रत्यक्ष पाणी लागतं. हवा दमट आहे पण पान कोरडं, असं असू शकतं. इथे सोपा शब्दच जास्त काटेकोर आहे. "पाने ओली राहण्याचा कालावधी" लिहा.

विनायक
ते पटलं. पण बाळासाहेब 'डावणी' म्हणतात, सगळी नाशिककर मंडळी तेच म्हणतात. माणसासारखंच लिहायचं तर 'केवडा' कशाला?

मीनल, सिडको
केवडा बाजरीवरही असतो आणि काकडीवरही, बुरशी मात्र वेगवेगळी. पहिल्या उल्लेखात प्लास्मोपारा व्हिटिकोला हे नाव हवं, पुढे काहीही म्हणा. मी 'डावणी'च्या बाजूने आहे, परीक्षक असतील की नाही ते माहीत नाही. मला खटकतंय ते 'निवडक'. बागा निवडल्या कशा?

सायली
ज्यांनी सेन्सर बसवू दिला त्या.

मीनल
मग तेच लिहा, "परवानगी मिळालेल्या बागांत". 'निवडक' वाचून वाटतं की काही निकष लावून वेचल्या. यादृच्छिक निवड नसेल, तर ती तालुक्याचं चित्र म्हणून वाचली जाऊ नये.

बाळासाहेब
माझं राहिलंच. फवारणी?

जोशी सर
बाळासाहेब, या गोषवाऱ्यातून ते निघत नाही. निघतं असं तिने लिहिलं असतं, तर तुम्ही उद्या त्यावर फवारणी बेतली असती.

विनायक
'सहसंबंध' ठेवतो, पण 'धन सहसंबंध'चं काय? पैशाचं वाटतं ते.

जोशी सर
'तीव्रताही जास्त' म्हटलं की दिशा कळलीच, 'धन' गाळता येईल. काही परीक्षक मात्र तो शब्द शोधतात. सायली, मार्गदर्शकांना विचारून ठरव.